तोंड कळकलंय, जुलाब लागलेत, तरी एच पायलोरीचा कोर्स अर्धवट का सोडायचा नाही

मेडिकलच्या काउंटरवर बसून बसून मला एक गोष्ट पाठ झालीये. एच पायलोरी या पोटातल्या जंतूवरचा कोर्स घेऊन गेलेला माणूस चौथ्या-पाचव्या दिवशी परत येतो, हातात उरलेल्या पट्ट्यांची पिशवी, आणि म्हणतो "मॅडम या परत घ्या, मला सूट होत नाहीत". मग विचारलं की काय होतंय, तर उत्तर ठरलेलं, तोंडाला घाण चव येतेय, मळमळतंय, पातळ होतंय, आणि तसंही आता पोटात जळजळ राहिली नाही, मग कशाला खायच्या एवढ्या गोळ्या. यातलं शेवटचं वाक्य सगळ्यात घातक आहे, ते का ते पुढे सांगते.

यावर लिहायचं डोक्यात कधीपासून होतं पण मुहूर्त लागला तो माझ्या मावशीमुळे. मावशी ५४ वर्षांची, कोरेगावजवळ गावात राहते, गेली कित्येक वर्षं "ॲसिडिटी" या एका शब्दावर चाललेली. रात्री दोनला उठून दूध-बिस्कीट खाणारी. शेवटी हिमोग्लोबिन कमी आलं म्हणून साताऱ्याला नेऊन दुर्बीण केली तर लहान आतड्याच्या तोंडाशी अल्सर निघाला. दुर्बिणीतूनच एक कणभर तुकडा काढून पिवळ्या जेलच्या खाचेत टाकला, थोड्या वेळात तो पिवळा रंग गुलाबी झाला. म्हणजे अल्सर करणारा तो एच पायलोरी जंतू आहे. डॉक्टरांनी चार औषधं लिहून दिली, १४ दिवस.

तो रंग का बदलतो हे कळलं की पुढचं सगळं सोपं जातं, म्हणून तिथूनच सुरू करते.

पोटात जे ॲसिड असतं त्यात सहसा जंतू टिकत नाहीत. हा टिकतो कारण याच्याकडे युरिएज नावाचं एन्झाइम आहे, त्याने हा आपल्याच शरीरातल्या युरियापासून अमोनिया बनवतो आणि स्वतःभोवती ॲसिड मारून टाकतो. त्या खाचेतल्या जेलमध्ये युरिया असतो, जंतू असला की अमोनिया होतो आणि रंग गुलाबी. बस एवढंच. शिवाय हा मळसूत्री आकाराचा आहे, स्क्रूसारखा वळत वळत पोटाच्या आतल्या चिकट बुळबुळीत थरात घुसतो आणि तिथेच घर करतो. म्हणजे वरून ॲसिड, खाली चिकट थर, आणि त्याच्या आत हे महाशय. एका औषधाने यांना हाकलणं जमत नाही ते यामुळे.

दुसरं म्हणजे हा फार सावकाश वाढतो. याची गंमत अशी की ऑस्ट्रेलियात पर्थला रॉबिन वॉरेन आणि बॅरी मार्शल हे दोघं १९८२ साली हा जंतू लॅबमध्ये वाढवायचा प्रयत्न करत होते, तेव्हा प्लेट दोन दिवस ठेवायच्या आणि काही दिसलं नाही की फेकायच्या अशी पद्धत होती, आणि काहीच उगवत नव्हतं. मग ईस्टरची मोठी सुट्टी आली, प्लेट चार-पाच दिवस तशाच राहून गेल्या, परत येऊन बघतात तर जंतू उगवलेला. पुढे २००५ ला दोघांना नोबेल मिळालं. हे मी मावशीलाही सांगितलं, कारण तिचा पहिला प्रश्न होता की "तापाच्या अँटिबायोटिक पाच दिवसात होतात मग हेच १४ दिवस कशाला". तर म्हणून. अँटिबायोटिकचा मार बहुतेक वेळा वाढत्या, दुभंगत्या जंतूवर नीट बसतो, आणि हा तर निवांत माणूस, मधेच झोपतो सुद्धा.

त्याला जागं ठेवायचं काम ॲसिड कमी करणारी गोळी करते. पॅन्टोप्राझोल, रॅबेप्राझोल, इसोमेप्राझोल, जे काय लिहिलं असेल ते. लोकांना वाटतं ही गोळी फक्त जळजळीसाठी आहे, तसं नाही. पोटात ॲसिड जास्त असताना हा जंतू नुसता तग धरून बसतो, वाढत नाही. ॲसिड उतरलं की याला मोकळं वाटतं, वाढायला लागतो, आणि नेमका तेव्हाच अँटिबायोटिकच्या तावडीत सापडतो. म्हणून ती गोळी दिवसातून दोनदा, जेवायच्या अर्धा तास आधी. जेवणानंतर आठवली म्हणून घेतली तर तिचा जोर बराच कमी पडतो, कारण पोटातले ॲसिडचे पंप जेवताना चालू होतात आणि गोळी त्या चालू पंपांनाच धरते.

आता ते घातक वाक्य. तिसऱ्या दिवशी जे बरं वाटतं ना, ते या ॲसिडच्या गोळीमुळे. जंतू गेला म्हणून नाही. जंतू तेव्हा अर्धमेला आहे, जे कच्चे होते ते मेले, जे चिवट आहेत ते अजून खालच्या थरात बसलेत. इथे थांबलात तर फक्त चिवट उरतात आणि पुढच्या वेळी सगळी फौज त्यांच्याच वंशाची असते. क्लॅरिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकच्या बाबतीत तर हे अगदी सरळ आहे, जंतूच्या एका जीनमध्ये एका अक्षराचा फरक पडला की औषध त्याला चिकटतच नाही, मग डोस वाढवा नाहीतर दिवस वाढवा, उपयोग शून्य. म्हणून डॉक्टर एकदा फेल गेलेल्या कोर्समधलं क्लॅरिथ्रोमायसिन परत लिहीत नाहीत. म्हणजे अर्धवट सोडलेल्या कोर्समध्ये नुसते पैसे जात नाहीत, एक अख्खं औषध हातातून जातं. आणि या जंतूवर चालणारी औषधं मुळात बोटावर मोजण्याइतकी.

किती गोळ्या चुकल्या तर किती फरक पडतो याचा जुना अंदाज आहे. अमेरिकेत डेव्हिड ग्रॅहम यांच्या टीमने १९९२ मध्ये बिस्मथ, टेट्रासायक्लिन आणि मेट्रोनिडाझोल या, मावशीलाही लिहून दिलेल्या औषधांवर बघितलं होतं, ६० टक्क्यांपेक्षा जास्त गोळ्या घेणाऱ्यांत ९६ टक्के लोकांचा जंतू गेला, त्याहून कमी घेणाऱ्यांत ६९ टक्के. तेव्हा औषधांना दाद न देणारे जंतू आजच्यापेक्षा कमी होते हे लक्षात घ्या, आज इतकी ढिलाई परवडत नाही. आपल्याकडे तर मेट्रोनिडाझोल जुलाबाला, दाताला, कशालाही घेऊन झालेलं असतं, त्यामुळे त्याला सरावलेले जंतू भरपूर. तरी ते कोर्समध्ये असतं कारण बिस्मथ सोबत असलं आणि पुरते दिवस, पुरत्या डोसने घेतलं तर तो सराव बऱ्याच अंशी मोडून निघतो. बऱ्याच अंशी, आणि अट तीच, पुरते दिवस.

मावशीची चिठ्ठी अशी होती. ॲसिडची गोळी दिवसातून २ वेळा. बिस्मथ १२० मिलिग्रॅम ४ वेळा. टेट्रासायक्लिन ५०० ची कॅप्सूल ४ वेळा. मेट्रोनिडाझोल ४०० ची ३ वेळा. म्हणजे दिवसाला १३, आणि १४ दिवसांच्या १८२. मी काउंटरवर ढीग मांडून दाखवला तर मावशी म्हणाली "अगं हे जेवणच झालं की". तुम्हाला वेगळं लिहिलं असेल, बऱ्याच जणांना अमॉक्सिसिलिन आणि क्लॅरिथ्रोमायसिनवालं किट देतात, सकाळ-संध्याकाळची वेगळी पट्टी असते त्यात. तुमची चिठ्ठी ती तुमची, मावशीचा हिशोब कॉपी करू नका. पण त्रास साधारण सगळ्यांचे तेच.

आम्ही भिंतीवरच्या कॅलेंडरवर प्रत्येक तारखेत चार छोटी घरं पाडली. नाश्ता, दुपारचं जेवण, पाचचं खाणं, रात्रीचं जेवण. एकूण ५६ घरं. गोळी घेतली की टिक. ॲसिडची गोळी सकाळी सातला आणि रात्री साडेसातला, मग अर्ध्या तासाने खाणं, आणि खाऊन झाल्यावर बाकीच्या. मोबाईलचा अलार्म पण लावला होता पण मावशीचा फोन कायम चार्जिंगला दुसऱ्या खोलीत, त्यामुळे कॅलेंडरच कामाला आलं.

तोंडाची चव

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पहिला फोन. "अगं तोंड कळकल्यासारखं झालंय." इतका अचूक शब्द मला सुचला नसता. कल्हई गेलेल्या पितळी भांड्यात ताक ठेवलं की ते कसं कळकतं, अगदी तीच चव. पाणी प्यायलं तरी तीच, भाकरी खाल्ली तरी तीच.

हे मेट्रोनिडाझोलमुळे. क्लॅरिथ्रोमायसिनवाल्यांना त्या गोळीमुळे होतं, कडवट-धातूसारखं. लोक म्हणतात गोळी पटकन गिळली की चव नाही येणार, पण चव गोळी जिभेला लागल्यामुळे येतच नाही. गोळी पोटातून रक्तात जाते आणि रक्तातून थुंकीत उतरते, म्हणून गिळल्यानंतर तास-दोन तासांनी तोंडात परत हजर. दिवसातून तीनदा गोळी असेल तर चव उतरायला वेळच मिळत नाही. याचा अर्थ काहीतरी बिघडलंय असा नाही. कोर्स संपला की साधारण काही दिवसात आपोआप जाते, जिभेला कायमचं काही होत नाही.

पूर्ण घालवता येत नाही, पण झाकता येते. मावशीला आवळ्याची सुपारी चालली, बडीशेप-खडीसाखर चालली, लवंग चालली नाही. गरम पदार्थाला वास जास्त येतो म्हणून भात-आमटी जरा निवू देऊन खाल्ली तर बरं जातं. स्टीलच्या चमच्याने धातूची चव जास्त जाणवते असं अनेक जण सांगतात, हाताने जेवणाऱ्याला तो प्रश्नच नाही. गोळी मात्र चावायची नाही, फोडायची नाही, मेट्रोनिडाझोलची गोळी तर फोडली की कडू जहर असते. केळ्याच्या घासात घालून गिळलेली चालते.

काळं

चौथ्या दिवशी सकाळी साडेसहाला फोन, आवाज घाबरलेला. शौचाला काळं झालंय आणि जीभ पण काळी पडलीये. आता अल्सरवाल्या माणसाला आम्हीच सांगून ठेवलेलं असतं की काळं शौच म्हणजे पोटात रक्त, लगेच या. त्यामुळे घाबरणारच, आणि कित्येक जण इथेच कोर्स सोडतात.

हे बिस्मथचं काम. पोटातले आणि तोंडातले जंतू थोडा गंधकाचा वायू सोडत असतात, त्याच्याशी बिस्मथ मिळालं की काळा क्षार बनतो. निरुपद्रवी. कोर्स संपला की काही दिवसात रंग पूर्ववत. पण रक्ताचं काळं वेगळं ओळखायचं कसं? मी मावशीला फोनवर विचारलं ते असं, डांबरासारखं चिकट, चकचकीत आहे का, पाण्याने सहज जात नाही असं? खूप उग्र वास? उठल्यावर चक्कर, डोळ्यापुढे अंधारी, छातीत धडधड? मावशीचं घट्ट होतं, मळकट हिरवट-काळं, वास नेहमीचा, आणि ती स्वतः गोठ्यातून बोलत होती. म्हणजे बिस्मथ. यातलं एक जरी "हो" असतं तर फोनवर बोलत बसायचं नव्हतं, सरळ दवाखाना. आणि शंका राहिली तरी दवाखानाच, फोनवर अंदाज बांधायचा नाही.

जाता जाता, मेट्रोनिडाझोलने लघवी पण गडद तांबूस होऊ शकते, त्यालाही घाबरू नका.

मळमळ, आणि चहाची भानगड

मळमळीचं निम्मं कारण रिकाम्या पोटी गोळ्या. मावशी सकाळी चहासोबत सगळ्या एकदम टाकत होती, हे मला तिसऱ्या दिवशी कळलं, मी कपाळावर हात मारला. रिकामं पोट ही एक चूक, आणि दुसरी मोठी चूक म्हणजे दूध. टेट्रासायक्लिन कॅल्शियमला बघितलं की त्याला मिठी मारते आणि दोघं मिळून तसेच शौचावाटे बाहेर. कपभर दुधाच्या चहाने सुद्धा बरंच औषध वाया जातं. तसंच लोखंडाची गोळी, कॅल्शियमची गोळी, आणि जळजळीला पितात ते गुलाबी-पांढरं सायरप. मावशीला हिमोग्लोबिनसाठी लोहाची गोळी चालू होतीच, डॉक्टरांना फोन करून विचारलं, त्यांनी १४ दिवस ती थांबवायला सांगितली.

मग असं ठरवलं, गोळीच्या आधी दोन तास आणि नंतर दोन तास दूध-चहा-दही नाही. नाश्ता म्हणजे उपमा किंवा भाकरी-भाजी, अर्धं खाणं झालं की गोळ्या, मग उरलेलं खाणं, वर पूर्ण ग्लासभर पाणी. चहा दहा वाजता. पहिले दोन दिवस चहासाठी मावशीने माझं सगळं घराणं काढलं, नंतर सवय झाली. पाण्याबद्दल आग्रह का, तर टेट्रासायक्लिनची कॅप्सूल अन्ननलिकेत अडकली तर तिथे जखम करते, म्हणून बसून, भरपूर पाण्याने, आणि रात्रीची घेऊन लगेच आडवं व्हायचं नाही, निदान अर्धा तास. उन्हात कातडी पटकन भाजते हा पण या औषधाचा गुण, शेतात जाताना डोक्यावरून पदर आणि पूर्ण बाह्या.

आणि एकादशी! १४ दिवसांच्या कोर्समध्ये एक एकादशी बहुतेक येतेच, शिवाय संकष्टी लागली तर बोनस. मावशीची पाचव्या दिवशी आली. उपवासाला दूध, साबुदाणा, आणि दिवसभर पोट रिकामं, म्हणजे गोळ्यांच्या दृष्टीने सगळंच उलट. निरंकार करायचा तिचा विचार होता. मी धर्मशास्त्रात पडले नाही, फक्त म्हटलं उपवास कर पण चार वेळा खाऊन कर, राजगिरा नको त्यात कॅल्शियम बरंच असतं, वरी-बटाटा-रताळं खा. तेवढं ऐकलं.

मळमळीवर स्वतःच्या मनाने गोळी मात्र घेऊ नका, हे मी काउंटरच्या आतल्या बाजूने सांगतेय. आपल्याकडे ॲसिडच्या कॅप्सूलमध्ये डॉमपेरिडोन घातलेलं सर्रास मिळतं, नावाच्या शेवटी "डी" असतो बघा. ते क्लॅरिथ्रोमायसिनसोबत घेतलं तर हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडू शकते, ही जोडी टाळायचीच असते. क्लॅरिथ्रोमायसिनवाल्यांनी कोलेस्टेरॉलची गोळी चालू असेल तर तेही आधी सांगा, अटोरवास्टॅटिन वगैरे रक्तात साचून स्नायू दुखायला लागतात, डॉक्टर बहुतेक वेळा तेवढे दिवस ती थांबवतात. रक्त पातळ करणारी वॉरफरिन असेल तर मेट्रोनिडाझोलने तिचा जोर वाढतो, हे तर सांगायलाच हवं. मळमळ फार असेल तर फोन डॉक्टरांना, ते सोबतची औषधं बघून सुरक्षित काय ते देतील.

दारूचं सगळ्यांना माहीत असतं, मेट्रोनिडाझोल किंवा टिनिडाझोल चालू असताना आणि संपल्यावर पण तीन दिवस नाही, काहींना चेहरा लाल होऊन, धडधडून उलट्या होतात. पण मावशी कुठली दारू पितेय, असं मला वाटलं, आणि सहाव्या दिवशी कळलं की ती जेवणानंतर दोन झाकणं द्राक्षासव घेते. आसवं-अरिष्टं आंबवून बनवतात, त्यात अल्कोहोल तयार होतंच. खोकल्याच्या काही सायरपमध्ये पण असतं. बंद केलं, मळमळ दोन दिवसात निम्मी झाली. आता ती द्राक्षासवामुळे होती की वेळापत्रक सुधारल्यामुळे, देव जाणे.

जुलाब

सातव्या दिवसापासून पातळ व्हायला लागलं, दिवसातून तीन-चार वेळा. हे अपेक्षित आहे. अँटिबायोटिक पोटात जाऊन फक्त एच पायलोरीचा पत्ता शोधत नाही, आतड्यातले आपले कामाचे जंतूही मारतो, मग न पचलेलं अन्न आंबतं, पाणी सुटतं, गुरगुरतं.

इथे घरोघरी एकच उपाय, दही-भात आणि ताक. उपाय वाईट नाही पण टेट्रासायक्लिनवाल्यांनी घड्याळ बघून. मावशीला सकाळी अकराला वाटीभर ताक-भात सांगितला, नाश्त्याच्या गोळ्या आठला, दुपारच्या दीडला, मधे जागा मिळते. अमॉक्सिसिलिन-क्लॅरिथ्रोमायसिनवाल्यांना दह्याची ही अडचण नाही. प्रोबायोटिकच्या पाकिटांमध्ये सॅकरोमायसिस बोलार्डी असं नाव असेल तर ते यीस्ट आहे, अँटिबायोटिकने मरत नाही, आणि त्याने जुलाब कमी होतात असं दिसलेलं आहे. बाकीच्या पाकिटांमधले जंतू अँटिबायोटिकसोबत टाकले तर पोटात गेल्या गेल्या मरणार, दोन तासांचं अंतर ठेवा. ओआरएस घोट घोट. तिखट आणि तळलेलं थोडे दिवस बाजूला.

जुलाब बांधणारी गोळी, लोपेरामाइड, लोक माझ्याकडे मागतात आणि मी देत नाही. कारण एक प्रकार असा असतो की चांगले जंतू मेल्यावर क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल नावाचा जंतू आतड्यात माजतो, विष सोडतो, तेव्हा बांधलं तर ते विष आतच राहतं. सारखे पाण्यासारखे जुलाब, ताप, पोटात जोरात कळा, शौचात रक्त, यातलं काही दिसलं तर मग "कोर्स पुरा करा" हा माझा सल्ला लागू नाही, त्याच दिवशी डॉक्टर. हे कोर्स संपल्यावर काही आठवड्यांनी पण होऊ शकतं, तेव्हा आधीचा कोर्स आठवणीने सांगा.

तसंच अंगावर पित्तासारखे फोड उठले, ओठ-चेहरा सुजला, श्वास लागला, छातीत लय चुकल्यासारखं होऊन घेरी आली, हातापायाला मुंग्या येऊन बधिर वाटायला लागलं, तर पुढची गोळी घ्यायची नाही. श्वास आणि सूज असेल तर सरळ इमर्जन्सी. या आणि वरच्या गोष्टी सोडल्या तर चव, मळमळ आणि तीन-चार वेळा पातळ, हा त्रास आहे, धोका नाही.

चुकली तर

नवव्या दिवशी गावात लग्न, मावशीची दुपारची चुकली. रात्री डबल घेऊ का म्हणून फोन. डबल कधीच नाही. लगेच आठवली तर घ्यायची, पुढच्या डोसची वेळ जवळ आली असेल तर सोडून द्यायची, पुढचं जसं आहे तसं. अकराव्या दिवशी आणखी एक चुकली. ५६ पैकी ५४ घरांत टिक, त्याने काही बिघडत नाही. पण सलग दोन-तीन दिवस बंद पडलं तर गुपचूप पुन्हा सुरू करू नका, डॉक्टरांना सांगा, पुढे काय ते ठरवू देत. गोळी घेतल्यावर लगेच उलटी झाली आणि गोळी अख्खी बाहेर दिसली तर तेही विचारा. एखाद्या औषधाचाच त्रास असह्य असेल तर तेवढंच एक मनाने वगळू नका, हे फार जण करतात, "ती कडू तेवढी सोडली बाकी घेतल्या". चारातलं एक काढलं की उरलेल्या तिघांवर भार पडतो आणि तेही वाया जाऊ शकतात. डॉक्टर डोस विभागून देतील, बदलून देतील, तो त्यांचा प्रांत.

संपल्यावर

इथे बहुतेक लोक सुटतात. १८२ गोळ्या संपल्या, जळजळ नाही, विषय संपला. पण जंतू गेला की नाही हे पोटाला विचारून कळत नाही, टेस्ट करावी लागते, आणि तीही लगेच नाही. अँटिबायोटिक आणि बिस्मथ संपून कमीत कमी ४ आठवडे, आणि ॲसिडची गोळी बंद करून २ आठवडे. त्याआधी केली तर जंतू दबलेला असतो, टेस्ट खोटी निगेटिव्ह येते. अल्सर मोठा असेल तर ॲसिडची गोळी कधी बंद करायची ते डॉक्टरच सांगतील, मावशीला कोर्सनंतरही चार आठवडे ती चालू होती, म्हणून तिची टेस्ट सहा आठवड्यांनी झाली.

टेस्ट दोन चालतात, श्वासाची किंवा शौचाची. श्वासाच्या टेस्टमध्ये खास कार्बन असलेला युरिया प्यायला देतात आणि थोड्या वेळाने फुंकर मारून घेतात, जंतू असेल तर तोच युरिएजवाला उद्योग करून तो कार्बन श्वासात सोडतो. मावशीची शौचाची केली, अँटिजेन टेस्ट, कारण ती जवळ होत होती. रक्ताची अँटिबॉडी टेस्ट यासाठी करू नका, कुणी सांगितली तरी, जंतू गेल्यावरही ती कित्येक महिने पॉझिटिव्हच येते आणि नसता दुसरा कोर्स गळ्यात पडतो.

ॲसिडची गोळी बंद केलेल्या दोन आठवड्यात मावशीला परत जळजळ झाली, तिला वाटलं सगळं पाण्यात गेलं. दीड महिना दाबून ठेवलेले पंप सुटल्यावर थोडे दिवस जास्तच ॲसिड सोडतात, त्यातलं ते. त्या दिवसात साधं अँटासिड सायरप घेतलेलं टेस्टला चालतं, डॉक्टरांना विचारून तेच दिलं, टेट्रासायक्लिन संपलेलं होतं त्यामुळे ती अडचणही नव्हती.

रिपोर्ट व्हॉट्सॲपवर आला, "निगेटिव्ह". मावशीने फोन करून विचारलं, "निगेटिव्ह म्हणजे वाईट ना गं?" म्हटलं नाही, गेला. कॅलेंडरचं ते पान मात्र मी तिला फाडू दिलं नाही. त्याच्या कोपऱ्यात चारही औषधांची नावं आणि तारखा लिहून फाइलला लावलंय, कारण उद्या पुन्हा कधी जंतू निघाला तर पुढच्या डॉक्टरांचा पहिला प्रश्न हाच असणार की आधी काय काय घेतलं होतं, आणि माझ्या काउंटरवर येणाऱ्या दहातल्या नऊ जणांकडे याचं उत्तर "एक लाल कॅप्सूल होती आणि एक पांढरी" एवढंच असतं.